चंबूतले चार रंग

प्रयोगशाळेतल्या फडताळात मला कायम एक पक्षपात दिसत आला आहे. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांच्या क्षारांच्या बाटल्या एका ओळीत लावा, सगळीकडे तीच पांढरी पूड. चिठ्ठी निघाली तर कोण कोणाचा ते ओळखायची सोय नाही. आणि खालच्या कप्प्यात मोरचूद निळाशार, निकेलचे क्षार हिरवे, कोबाल्टचे गुलाबी. रंग सगळे एकाच घराण्याच्या वाट्याला आलेले. हे घराणं म्हणजे संक्रामक मूलद्रव्यांचं, आवर्तसारणीच्या मधल्या पट्ट्यातलं.

या घराण्यातला माझा लाडका व्हॅनेडियम. १८०१ साली मेक्सिकोत आंद्रेस मानुएल देल रिओ यांना तो सापडला. त्याच्या क्षारांचे इतके रंग दिसले की त्यांनी आधी ‘पॅनक्रोमियम’, म्हणजे सर्वरंगी, असं नाव योजलं. पुढे दुसऱ्या एका रसायनज्ञाने हा क्रोमियमच असल्याचा निर्वाळा दिला आणि देल रिओंनी तो बिचाऱ्यासारखा मान्य केला. १८३० मध्ये स्वीडनच्या सेफस्ट्रॉम यांना तेच मूलद्रव्य नव्याने सापडलं, आणि त्यांनी सौंदर्याच्या देवतेवरून त्याला आजचं नाव दिलं. मला विचाराल तर पहिलंच नाव जास्त खरं होतं.

का, ते एका चंबूत दिसतं. अमोनियम मेटाव्हॅनेडेट ही पांढरट पूड. अर्धा ग्रॅमभर घेऊन पन्नासेक मिलिलिटर विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवली की पिवळं द्रावण मिळतं. (व्हॅनेडियमचे क्षार विषारी आहेत, हातमोजे हवेतच.) त्यात जस्ताचे खडे टाकायचे, चंबू जरा कोमट करायचा, तोंडाला कापसाचा बोळा लावायचा आणि बघत बसायचं. पिवळ्याचं हिरवं होतं, हिरव्याचं निळं, निळ्याचं पुन्हा हिरवं आणि शेवटी जांभळं.

नवख्याची फसगत होते ती पहिल्या हिरव्यापाशी. तो स्वतंत्र रंग नाहीच. अर्धं पिवळं शिल्लक आणि अर्धं निळं झालेलं, त्यांची ती भेसळ. खरा हिरवा निळ्यानंतरचा, जरा मळकट. निळा अजून यायचा असेल तर समोरचा हिरवा हिशेबात धरायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. म्हणजे रंग चार: पिवळा अधिक पाच या ऑक्सिडीकरण स्थितीचा, निळा अधिक चारचा, हिरवा अधिक तीनचा, जांभळा अधिक दोनचा. जस्त दर पायरीला एकेक इलेक्ट्रॉन व्हॅनेडियमच्या हाती ठेवत जातं.

पण एकाच धातूला इतक्या स्थिती जमतात कशा? शेजारच्या कॅल्शियमचा हिशेब आधी पाहू. त्याचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे साधारण ५९० किलोज्यूल लागतात, दुसऱ्याला ११४५, आणि तिसऱ्याला एकदम ४९१२. तिसरा आतल्या घट्ट कवचातला, त्याला हात लावणं परवडत नाही. म्हणून कॅल्शियम अधिक दोनवर थांबतो. व्हॅनेडियमच्या बाहेरच्या भागात पाच इलेक्ट्रॉन, दोन ४एस मध्ये आणि तीन ३डी मध्ये, आणि या दोन्ही जागांची ऊर्जा जवळजवळची. त्यामुळे भाव हळूहळू चढतो: ६५१, १४१४, २८३०, ४५०७, ६२९९. सहाव्यापाशी मात्र तो बारा हजारांच्या वर उडी घेतो. पाचापर्यंत कुठेही कडा नाही, चढण आहे. अर्थात चढणीचा खर्च कोणीतरी भागवावा लागतो. खालच्या स्थितींत भोवतीच्या पाण्याच्या रेणूंशी जुळण्यातून तो निघतो. वरच्या स्थितींत पाणी पुरत नाही, ऑक्सिजनशी पक्के बंध लागतात. पिवळ्या द्रावणात सुटा, पाच धन प्रभारांचा व्हॅनेडियम आयन नसतोच. असतो तो दोन ऑक्सिजन धरून.

आता रंग. डी-ऑर्बिटलं, म्हणजे ३डी इलेक्ट्रॉनांच्या जागा, पाच. अणू एकटा असताना पाचांची ऊर्जा सारखी. पाण्यात त्याला सहा रेणू सहा दिशांनी घेरतात: वर, खाली आणि चारही बाजूंना. पाचांतली दोन ऑर्बिटलं नेमकी या रेणूंच्या दिशेने रोखलेली. तिथे बसलेल्या इलेक्ट्रॉनला रेणूंवरचे इलेक्ट्रॉन ढकलतात, म्हणून ती जागा महाग होते. उरलेली तीन फटींतून डोकावतात, ती स्वस्त. या दोन मजल्यांतलं अंतर मोलमागे दोनशे किलोज्यूलच्या आसपास पडतं, आणि दृश्य प्रकाशाची ऊर्जाही साधारण १७० ते ३०० किलोज्यूलच्या पट्ट्यात. इलेक्ट्रॉन प्रकाशाचा नेमका तेवढा भाग गिळून वरच्या मजल्यावर जातो, आणि उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो. जांभळा चंबू पिवळ्या-हिरव्या भागातला प्रकाश गिळतो. हिरवा चंबू दोन्ही बाजूंचा, नारिंगी आणि जांभळा, गिळून मधला हिरवा सोडतो. प्रभार बदलला की इलेक्ट्रॉनांची संख्याही बदलते आणि मजल्यांतलं अंतरही, म्हणून दर पायरीला नवा रंग. जस्ताच्या आयनात डी-ऑर्बिटलं गच्च भरलेली असतात, वर जायला जागाच नाही, म्हणून इतके खडे विरघळूनही त्याने रंगात काही भर घातलेली नसते.

इतकं शिकून मी तोंडी परीक्षेला मोठ्या ऐटीत उभा होतो. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, “पिवळ्यात डी-इलेक्ट्रॉन किती?”

“पाचही गेले, सर. म्हणजे... शून्य.”

“मग वरच्या मजल्यावर कोण जातंय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अधिक पाच स्थितीत डी-ऑर्बिटलं रिकामी, आणि तरी चंबू पिवळा. इथे इलेक्ट्रॉन व्हॅनेडियमच्या घरातला नसतोच. प्रकाश पडला की ऑक्सिजनवरचा एक इलेक्ट्रॉन क्षणभर धातूच्या रिकाम्या ऑर्बिटलात उडी मारतो. या उडीला निळा-जांभळा प्रकाश लागतो, म्हणून पिवळा उरतो. पोटॅशियम परमँगनेटचा गडद जांभळाही याच जातीचा, त्यातल्या मँगनीजकडेही डी-इलेक्ट्रॉन शून्य. मजल्या-मजल्यांतली उडी ही आडनिडी, क्वचित घडणारी, त्यामुळे तिचे रंग फिके. ऑक्सिजनकडून धातूकडे जाणारी उडी मात्र सर्रास घडते, म्हणून परमँगनेटचा एक स्फटिक बादलीभर पाणी रंगवतो आणि तेवढाच मोरचूद टाकला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

जस्त जांभळ्यावरच का थांबतं, हे मात्र परीक्षकांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं असतं. जस्ताची इलेक्ट्रॉन देण्याची ओढ उणे ०.७६ व्होल्टची. हिरव्याचं जांभळं करायला उणे ०.२६ पर्यंतची पुरते. जांभळ्यातून निव्वळ धातू काढायचा तर उणे १.१ च्याही खाली जावं लागतं, तेवढी जस्ताची ताकद नाही. जस्ताऐवजी कथील घेतलं तर त्याची ओढ उणे ०.१४ चीच, म्हणून गाडी हिरव्यावर अडते.

त्या दिवशी बाहेर पडायच्या घाईत मी जस्ताचे खडे गाळून काढले आणि बोळा लावायचा विसरलो. परत येऊन पाहिलं, तर चंबूत जांभळा खाली सरकला होता आणि हवेला भिडलेल्या वरच्या थरात हिरवा उतरायला लागला होता.