नव्याण्णव अक्षरं आणि खाली ‘चेक’

मी सराव परीक्षांचे पेपर तपासण्याचं काम करतो. परीक्षा होऊन गेली की विद्यार्थी मूळ परीक्षेची उत्तरंही पाठवतात. त्या दिवशी सकाळी आलेल्या मेसेजमध्ये A, B, C, D अशा अक्षरांच्या रांगाच्या रांगा होत्या आणि शेवटी एकच शब्द, ‘चेक’. प्रश्नपत्रिकेचा सेट कोणता, उत्तरतालिका कोणती धरायची, चुकीच्या उत्तराला किती गुण कापले जातात, काहीच नव्हतं. मुलगी ओळखीची, मेहनती. माझ्याकडे त्या परीक्षेची एक तालिका संगणकात पडलेली होती. लावली आणि पाच मिनिटांत उत्तर धाडलं, ‘शंभरपैकी ४५ बरोबर.’

ही घाई मला नडली. अर्ध्या तासात तिचा फोन आला. आवाज इतका बारीक, की आधी ओळखूच आला नाही. “सर, मी घरी येऊन मोजलं तेव्हा सत्तरच्या वर जात होतं.”

मग मात्र मी नीट बसलो. आधी संशय गेला सेटवर. चार सेट असले की प्रश्न तेच, पण क्रम वेगळा. दुसऱ्याच सेटची तालिका लावली तर मेहनतीला अर्थच उरत नाही, नुसत्या योगायोगाने चारात एक जुळतं आणि आकडा पंचविशीच्या आसपास येतो. पण ४५? सेट चुकलाय म्हणावं तर जास्त आणि या मुलीसाठी फार कमी. मग प्रश्नांचे तुकडे पाडून मोजलं. पहिल्या ३८ पैकी ३१ बरोबर होते आणि त्यापुढे एकदम उतार, राहिलेल्यांत फक्त १४. अभ्यास काही अडतिसाव्या प्रश्नाला संपत नसतो. अक्षरं मोजली तर ती ९९ भरली. त्या जागेवरची तालिका आणि तिची उत्तरं एकाखाली एक ठेवली:

```
तालिका (३८ पासून) : D B A C C D A
तिची उत्तरं        : D A C C D A
```

३९ वा प्रश्न तिने सोडला होता. मेसेज टाइप करताना ती जागा रिकामी ठेवायच्या ऐवजी तिने पुढचं अक्षर लिहिलं आणि तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकली. जे १४ जुळले होते तेही बहुतेक योगायोगाचेच, ६१ चा चौथा भाग पंधराच्या आसपास होतो. ३९ च्या जागी एक आडवी रेघ घातली आणि पुन्हा ताडून पाहिलं. ७८ बरोबर, २१ चूक, एक सोडलेला.

फोन उचलणार, तेवढ्यात तालिकेच्या डोक्यावर नजर गेली. ती हरकती मागवण्यापूर्वीची, पहिली तालिका होती. अंतिम तालिका शोधून काढली. तिच्यात एका प्रश्नाचं उत्तर C चं B झालेलं. तिने C लिहिलं होतं, म्हणजे एक बरोबर उत्तर कमी झालं. दुसरा एक प्रश्न रद्द झालेला, आणि तो तिचा चुकला होता. आता ७७ बरोबर, २१ चूक, एक सोडलेला, एक रद्द.

आता गुण. चुकीला कपात नसेल तर ७७. पाव गुण कापत असतील तर ७७ वजा ५.२५, म्हणजे ७१.७५. तिसरा हिस्सा कापला तर ७७ वजा ७, बरोबर ७०. रद्द प्रश्नाचा गुण सगळ्यांना दिला तर प्रत्येक आकड्यात एकाची भर, आणि तो प्रश्नच मोजणीतून काढला तर एकूण गुण शंभराऐवजी ९९. तीच उत्तरं, तोच पेपर, आणि सत्तरपासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत कुठलाही आकडा मी तिला सांगू शकलो असतो. यातला तिचा कोणता, हे तिच्या उत्तरांवरून कुणालाच सांगता येणार नव्हतं.

“प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावरच्या सूचना वाच,” मी म्हणालो. तिने वाचल्या. तिसरा हिस्सा कापला जाणार होता. रद्द प्रश्नाचा गुण सर्वांना, असं अंतिम तालिकेच्या तळटीपेतच होतं.

“म्हणजे ७१?”

“७१. पण आधी सेट सांग.”

तिने सांगितला. नशिबाने माझ्याकडे त्याच सेटची तालिका होती. हे मात्र मी तिला आजवर सांगितलेलं नाही. सकाळी मी सेट न बघताच ती लावली होती.

संध्याकाळी दुसऱ्या एका मुलाचा मेसेज आला, साठ अक्षरं आणि खाली ‘चेक’. मी लिहिलं, “सेट कोणता? तालिका पहिली की अंतिम? चुकीला किती कापतात? सोडलेल्या प्रश्नांपुढे रेघ मारली आहेस का?”

बराच वेळ ‘टाइप करत आहे’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं, “सर, सेट म्हणजे?”