रिपल टँक, आठ रेषा आणि एक सही

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी एका प्रॅक्टिकलवर सही मिळवायला मला तीन आठवडे लागले. त्याचा राग अजून आहे, कारण सूचनापत्रात एवढंच लिहिलं होतं: 'स्रोतांतील अंतर व तरंगलांबी मोजा.' कुठे मोजा, ते नाही.

रिपल टँक म्हणजे काचेच्या तळाचा ट्रे. त्यात सातेक मिलिमीटर पाणी, कडेला लाटा परतू नयेत म्हणून स्पंज, वर दिवा, खाली पांढरा कागद. एकाच पट्टीला लावलेले दोन प्लॅस्टिकचे मणी, म्हणजेच ते स्रोत, मोटरच्या कंपनाने पाण्यात एकदम खाली-वर होतात. ही मांडणी पंधरा मिनिटांत झाली. कागदावर दोन्हीकडच्या लाटांची जाळी पडते आणि तिच्यातून मण्यांपासून पंख्यासारखे राखाडी पट्टे बाहेर जातात. एका मण्याचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्याला तिथे गाठतो, म्हणून पाणी जवळजवळ हलतच नाही. या निस्पंद रेषा. त्या मोजायच्या आणि संख्या गणिताशी जुळवायची.

मी मोजल्या सात.

सरांनी जर्नल उघडूनही पाहिलं नाही. म्हणाले, "सात येऊच शकत नाहीत. पुन्हा मोज." चिडलो, पण बरोबर होतं त्यांचं. मणी एकदम खाली-वर होत असतील तर मधोमध दोघांपासूनचं अंतर सारखं, म्हणजे तिथे लाट जोरदार. निस्पंद रेषा डावी-उजवीकडे जोडीनेच येणार. विषम आकडा आला की एक सुटली किंवा एक जास्त धरली. (एक मणी वर जाताना दुसरा खाली जात असेल तर मात्र मधली रेषाच शांत होते आणि आकडा विषम येतो.) माझी डावीकडची शेवटची रेषा स्पंजजवळच्या परतलेल्या लाटांत बुडाली होती. स्पंज नीट दाबून बसवल्यावर आठवी दिसली.

खरी अडचण इथून पुढे. मण्यांमधलं अंतर मी पट्टीने मोजलं होतं, ५ सेंमी. स्ट्रोबच्या, म्हणजे हाताने फिरवायच्या चकतीच्या, फटींतून बघत लाटा थांबवल्या आणि कागदावर दहा लाटांची लांबी घेतली, २३ सेंमी. तरंगलांबी २.३. आता शांत रेषेवर दोन मण्यांपासूनच्या अंतरांतला फरक अर्धी, दीड, अडीच, साडेतीन तरंगलांबी असा असतो, आणि हा फरक मण्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त कधीच होत नाही. दीड गुणिले २.३ म्हणजे ३.४५, चालेल. अडीच गुणिले २.३ म्हणजे ५.७५, पाचाच्या पुढे. म्हणजे बाजूला दोन, एकूण चार. समोर कागदावर आठ!

पुढच्या आठवड्यात मोटर बदलली, पाणी बदललं, मणी साबणाच्या बोटाने पुसले. (हे तसंही करा. बुडबुडा चिकटला किंवा एक मणी कमी बुडाला तर दोघांच्या लाटा सारख्या जोराच्या राहत नाहीत आणि पट्टे पुसट होतात.) आठच. तिसऱ्या आठवड्यात मोटर बंद करून नुसता बसलो होतो. कागदावर दोन मण्यांच्या सावल्या होत्या. लॅबचे मामा टेबल पुसत होते. म्हणाले, "मणी केवढे आणि सावली केवढी बघ." सावल्यांमधलं अंतर मोजलं. ९ सेंमी.

दिवा पाण्यापासून ५० सेंमी वर, कागद ४० सेंमी खाली. नव्वद भागिले पन्नास, म्हणजे कागदावर सगळं १.८ पट मोठं दिसतं, लाटासुद्धा. मी मणी खरे मोजले होते आणि लाटा सावलीतल्या. दोन्ही सावलीत घेतलं तर साडेतीन गुणिले २.३ म्हणजे ८.०५, नवाच्या आत. साडेचार गुणिले २.३ म्हणजे १०.३५, बाहेर. बाजूला चार, एकूण आठ. खरी तरंगलांबी होती सुमारे १.२८ सेंमी, पण मोजणीला ती लागतच नाही. लागतं ते गुणोत्तर, आणि दोन्ही मापं एकाच ठिकाणची असली की दिवा किती उंच आहे याची पर्वा उरत नाही.

स्ट्रोबचं राहिलं. तो दुप्पट वेगाने फिरवला तरी लाटा थांबलेल्या दिसतात, पण दुप्पट दाट, म्हणजे तरंगलांबी निम्मीच भरते. वेग हळूहळू कमी करत आणा. दाट जाळी मोडून पहिल्यांदा विरळ जाळी थांबते, तीच खरी.

सरांनी मणी ४ सेंमीवर आणायला लावले आणि मोटर सुरू करण्याआधी आकडा विचारला. सावली ७.२ सेंमी. अडीच पट ५.७५ बसतं, साडेतीन पट ८.०५ बसत नाही. "सहा," म्हटलं. मोटर लावली. मी दोनदा मोजल्या, सरांनी एकदा, आणि खिशातलं पेन काढलं.