पाठीतला दोष आधी डोक्यात दिसतो

अ‍ॅनोमली स्कॅनसाठी, म्हणजे गर्भातले दोष तपासणाऱ्या सोनोग्राफीसाठी, आलेल्या त्या बाईंना 19 आठवडे झाले होते, आणि फिट्ससाठी त्यांना लग्नाआधीपासून सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू होते. बाळाच्या कवटीचा आडवा छेद पडद्यावर येताच कपाळाची हाडे दोन्ही बाजूंनी आत दबलेली आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकून मागच्या हाडाला चिकटलेला दिसला. पाठ पाहण्याआधीच निदानाचा अंदाज आला, कारण पाठ उघडी राहिली की मज्जारज्जूभोवतालचे पाणी गर्भजलात झिरपते, डोक्यातला दाब घटतो आणि लहान मेंदू खाली ओढला जातो.

प्रोब कमरेवर नेल्यावर मणक्याच्या मागच्या कमानी एकमेकींकडे झुकण्याऐवजी बाहेर फाकलेल्या दिसल्या, आणि त्यांवर पातळ पापुद्र्याची पिशवी होती, जिच्यात मज्जातंतूंचे धागे तरंगत होते. कमरेच्या चौथ्या मणक्यापासून खाली स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा मागून न मिटण्याचा दोष, होता.

“पण पाय तर हलताहेत ना, डॉक्टर?” पतीने विचारले. हलत होते, मात्र या वयातली हालचाल जन्मानंतरच्या ताकदीची हमी देत नाही, कारण उघडा मज्जारज्जू गर्भजलात राहून पुढेही इजा सोसत असतो.

बाईंचा प्रश्न अधिक अवघड होता. दुसरा महिना संपता संपता गरोदरपण कळले, त्या दिवसापासून फॉलिक अ‍ॅसिडची एकही गोळी त्यांनी चुकवली नव्हती, मग हा दोष झालाच कसा? मी कागदावर आकृती काढली. गर्भाच्या पाठीवरची सपाट पट्टी कडांनी उचलली जाते, कडा जुळून मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नळी बनते आणि तिचे खालचे तोंड गर्भधारणेनंतर साधारण 28व्या दिवशी बंद होते, म्हणजे पाळीपासून मोजल्यास सहाव्या आठवड्यात. गोळी सुरू झाली तेव्हा ही मुदत उलटून गेली होती, आणि व्हॅल्प्रोएटमुळे या दोषाचा धोका मुळातच वाढलेला होता.

जुळणाऱ्या त्याच कडांवरून न्यूरल क्रेस्टच्या पेशी सुटून शरीरभर पसरतात. म्हणून पतीने विचारले की त्यांच्यापासून होणारे आतड्यातले मज्जातंतूही बिघडले असतील का. (इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारतो.) त्या तंतूंच्या बहुतेक पेशी मानेच्या वरच्या भागातून निघून खाली उतरतात, आणि तिथली नळी नीट मिटलेली होती. शौच-लघवीच्या नियंत्रणाची अडचण येऊ शकते ती मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकाला झालेल्या इजेमुळे, आतड्यात तंतू नसल्यामुळे नव्हे.

पुढचा सल्ला त्यांनी गर्भतज्ज्ञ आणि बालमेंदूशल्यचिकित्सक यांच्याकडून घ्यावा, असे मी अहवालात लिहिले. फिट्सचे औषध मात्र स्वतःहून बंद करायचे नाही, हे दोनदा बजावले; पुन्हा दिवस राहण्याचा विचार असल्यास त्याआधीच ते मेंदूविकारतज्ज्ञाकडून बदलून घ्यायचे आणि फॉलिक अ‍ॅसिडची 5 मिलिग्रॅमची गोळी निदान तीन महिने आधी सुरू करायची.