वीस सेकंदांत गाय सांगताना

गुंतवणूकदारांसमोरच्या डेमो डेला आम्हाला तीन मिनिटं मिळणार होती. पहिल्या वीस सेकंदांत मी कोण आणि अडचण काय, एवढं सांगून मोकळं व्हायचं, असं आमच्या मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं. मी लिहून नेलेली ओळख त्यांनी मोबाइलवर वेळ लावून ऐकली. भरली एक्केचाळीस सेकंद. नाव, कंपनीचं नाव, इंजिनिअरिंगची पदवी, भागीदार पशुवैद्यक कुठे शिकला ते, आणि मग 'आयओटीवर आधारित हीट डिटेक्शन' करणारा गायीच्या गळ्यातला पट्टा.

त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बोलावलं. तिचा धंदा कपड्यांचा, गायीशी संबंध दुधापुरताच. मी पुन्हा सगळं म्हणून दाखवलं आणि बाईंनी तिला विचारलं, "याची अडचण काय आहे, सांग बरं." ती म्हणाली, "उन्हाळ्यात गायींना उष्णतेचा त्रास होतो, म्हणून गळ्यात फिटनेस बँड."

मी 'हीट' म्हणत होतो ते माजाला, म्हणजे गाय गाभण राहू शकते त्या वेळेला. आमच्याकडे हा शब्द शेंबडं पोरही जाणतं, पण पुण्याच्या त्या हॉलमध्ये 'माज' म्हटलं असतं तर लोकांना गर्वच आठवला असता. म्हणून शब्द टाकून द्यायचा आणि नुसतं काय घडतं ते सांगायचं, असं ठरलं. शिवाय तिच्या लक्षात राहिला तो पट्टा. तोडगा आधी कानावर पडला की अडचण ऐकणारा स्वतःच बनवून घेतो, हे मला तिथं कळलं.

मग काटछाट सुरू झाली. माझं आणि कंपनीचं नाव निवेदक सांगणारच होता, ते गेलं. पदवी गेली. मी मोटारींच्या सेन्सरवर सहा वर्षं काम केलं, तेवढं राहिलं, कारण 'हे तुम्हीच का?' या प्रश्नाचं ते उत्तर होतं. भागीदाराची ओळख टीमच्या स्लाइडवर ढकलली. तो दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होता. वर, माज 21 दिवसांनी येतो हा आकडा मी ठणकावून सांगू नये, कारण माजाचं चक्र 18 ते 24 दिवसांचं असतं, यावर तो अडून बसला. 'साधारण' हा शब्द त्याचा.

पैशाचा आकडा मात्र मी हट्टानं ठेवला. आधी मी देशभरातलं नुकसान सांगणार होतो, पण कुणी खोदून विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरच्या वहीत एका गायीचा रोजचा चाऱ्याचा आणि खुराकाचा खर्च 250 रुपये होता. एक माज हुकला की वेत 21 दिवस लांबतं, म्हणजे 5250. दुधाचा तोटा मी धरलाच नाही. परीक्षकांपैकी एकानं नेमकं हेच विचारलं आणि वही कामाला आली.

माझा बोलण्याचा वेग सेकंदाला दोन शब्दांच्या जरा वर आहे, म्हणजे हातात शब्द पंचेचाळीसच. शेवटी उरलं ते असं:

"फलटणजवळ आमच्या घरी 14 गायी आहेत. गाय साधारण 21 दिवसांतून एकदाच, जेमतेम एक दिवस गाभण राहू शकते. ती वेळ बऱ्याचदा रात्री येते आणि आपण झोपलेले असतो. चुकली की पुढचे 21 दिवस चारा फुकट, पाच हजारांचा. सहा वर्षं मी गाड्यांचे सेन्सर बनवले. आता गायीसाठी बनवतोय."

मुक्या माजाबद्दल यात काहीच नाही. गाय हंबरत नाही, दुसरीवर उडत नाही, अशा वेळी आमचा पट्टाही कधी कधी चकतो. ते प्रश्नोत्तरांसाठी ठेवलं. 'झोपलेले असतो' नंतर मात्र क्षणभर थांबायचं हे मी मुद्दाम घोकलं होतं.

प्रत्यक्ष दिवशी रिमोटचं बटण दाबलं तर स्लाइड हलेना. त्या वीस सेकंदांना स्लाइडची गरजच नव्हती, म्हणून मी बोलून टाकलं; तोवर मागच्या पोरानं वायर नीट केली. चहाच्या वेळी एक गुंतवणूकदार आले. त्यांनी पट्ट्याचं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "मग रात्री कुणी जागतं का हो तुमच्याकडे?"

रेकॉर्डिंग घरी पाठवलं. वडिलांनी ते दोनदा ऐकलं आणि फोन केला. "बोललास बरा. पण तेरा म्हणायचं होतंस. काळी परवाच विकली."