नोकरीआधी पैसे मागतायत? थांबा!

आज भाचीला ऑफर लेटर आलं. लोगो, सही, शिक्का, सगळं अगदी खरं वाटेल असं. अट एकच: संध्याकाळपर्यंत रजिस्ट्रेशन फी भरा, पहिल्या पगारात परत मिळेल. मुलाखत मात्र फक्त चॅटवर झालेली! ईमेल नीट पाहिला, तर @ नंतर कंपनीचं नावच नाही, नुसतं gmail.com. पैसे भरायचं खातंही कुणा माणसाच्या नावावर. कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर काढून फोन केला, तर अशी भरतीच नाही म्हणाले. (पत्रातल्या नंबरवर विचारू नका, तिथे तेच लोक फोन उचलतात.) एकदा फी भरली की मग ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, मागणं थांबतच नाही. भरली असेल तर लगेच बँकेला कळवा, चॅट डिलीट करू नका. ओळखीत कुणी नोकरी शोधत असेल तर त्याला हे आत्ताच पाठवा.