शेंगा चटणीचा व्हिडिओ, चौथा प्रयत्न: ‘कारण’ काढून ‘म्हणून’

बावीस सेकंदांचा व्हिडिओ. आई उखळात शेंगा चटणी कुटतेय, मागून माझा आवाज. शेवटचं वाक्य पहिल्याला असं चिकटवायचं की व्हिडिओ संपून आपोआप पुन्हा सुरू झाल्याचं बघणाऱ्याला कळू नये, एवढंच गेले पंधरा दिवस चाललंय.

पहिल्या प्रयत्नाचा शेवट होता ‘तर अशी ही आपली सोलापुरी चटणी’. ‘तर अशी ही’ म्हटलं की माणूस उठलाच. दुसऱ्यात शेवटी ‘कारण’वर थांबलो. मग पहिलं वाक्य कारणाचं हवं, म्हणून सुरुवात ‘कुटताना दाण्यातलंच तेल सुटतं’ अशी केली. जोड व्याकरणात बसला, पण उत्तर पहिल्याच सेकंदाला सांगून टाकलं. पुढं कोण थांबणार?

तिसऱ्यात उलटं केलं. सुरुवात: ‘शेंगा चटणी कुटताना वरून तेल घालायचं नाही.’ शेवट: ‘...आणि कुटता कुटता दाण्यातलंच तेल सुटतं, म्हणून’. आता पहिलं वाक्य पहिल्या खेपेला कोडं असतं आणि दुसऱ्या खेपेला निष्कर्ष. एकटं ऐकलं तरी ते पुरं वाटतं, हे महत्त्वाचं. नव्या माणसाला तिथूनच आत यायचं असतं.

तरी जोड कळत होता. मोबाईल आईच्या हातात दिला, तर ती म्हणाली, “मधेच दम घेतलास की रे.” बरोबर होतं तिचं. ‘म्हणून’ म्हणताना माझा आवाज खाली बसत होता आणि पहिलं वाक्य सकाळी वेगळ्या जोशात रेकॉर्ड केलेलं.

चौथ्यात सगळं निवेदन बोलून झाल्यावर न थांबता, त्याच दमात ‘म्हणून शेंगा चटणी कुटताना वरून तेल घालायचं नाही’ असं म्हटलं. मग ‘म्हणून’च्या पुढं कापलं आणि तो मागचा तुकडा उचलून सुरुवातीला लावला. म्हणजे व्हिडिओतलं पहिलं वाक्य मी सगळ्यात शेवटी बोललोय! आधी हे वाक्य ‘आमच्याकडं’नं सुरू करून पाहिलं होतं, पण ‘म्हणून’मधला न पुढच्या ‘आ’त मिसळतो आणि कुठं कापायचं तेच दिसत नाही. ‘शेंगा’तल्या ‘श’ची सळसळ लाटेत स्वच्छ ओळखू येते.

शेवटची शांतता पूर्ण छाटली. तीस फ्रेमच्या व्हिडिओत बारा फ्रेम मोकळ्या राहिल्या तरी जवळजवळ अर्धा सेकंद जातो, आणि तेवढ्यात अंगठा वर सरकतो. तपासायला तीच क्लिप टाइमलाइनवर दोनदा लागोपाठ ठेवून डोळे मिटून ऐकतो. टाकल्यावर सरासरी पाहण्याचा वेळ पहिल्यांदाच बावीस सेकंदांच्या पुढं गेला, म्हणजे काही जण तरी दुसऱ्या फेऱ्यात शिरले.

एक खोट उरलीय. बोलणं जुळलं, पण मुसळाचा ठोका जुळला नाही. जोडावर दोन ठोके जवळजवळ एकावर एक पडतात. पाचव्या वेळी आधी ठोक्यांवर कापेन, मुसळ वर असताना, आणि मग त्या मापात वाक्य बसवेन. दाणे आणून ठेवलेत.