अननसाचा रुमाल आणि फोटोतला कापलेला कोपरा

क्रोशाच्या विणकामाच्या चार्टचे फोटो ग्रुपवर टाकणाऱ्या समस्त ताई-मावशींना हात जोडून विनंती आहे. पानाच्या तळाशी खुणांचा अर्थ सांगणारी छोटी चौकट असते, ती फोटोत येऊ द्या. नक्षी अर्धी आली तरी चालेल, ती दुसऱ्या बाजूवरून काढता येते. चौकट कापली गेली की समोरचा माणूस कसा अडकतो, ते माझ्याकडून ऐका.

टीपॉयसाठी अननसाच्या नक्षीचा गोल रुमाल करायचा होता. चार्ट कुठल्याशा जुन्या इंग्रजी पुस्तकातला, फोटो तिरका काढलेला आणि चार ठिकाणांहून फॉरवर्ड होऊन पुसट झालेला. बाकी खुणा सोप्या होत्या. पोकळ लंबगोल म्हणजे साखळी, भरीव ठिपका म्हणजे फेरी जोडायचा टाका. फेऱ्यांचे आकडे साखळ्या जिथून सुरू होतात तिथे असतात, आणि उजव्या हाताने विणणाऱ्याने घड्याळाच्या उलट दिशेने वाचत जायचं.

घोडं अडलं ते खांबांवर. खांबाची खूण म्हणजे इंग्रजी टी अक्षर. त्याच्या दांडीवर जितक्या तिरप्या रेघा, तितके वेढे सुईवर आधी घ्यायचे. एकही रेघ नाही तो अर्धा खांब (यालाही वेढा एकच, पण शेवटी तिन्ही फासांतून दोरा एकदम काढतात), एक रेघ तो नेहमीचा खांब, दोन रेघा तो दोन वेढ्यांचा उंच खांब. माझ्या फोटोत त्या रेघांच्या जागी नुसता करडा डाग होता. मोठं करून पाहिलं तर डागच मोठा होई.

चौकटीतल्या दोन ओळी तेवढ्या वाचल्या होत्या. टीच्या खुणेपुढे ‘टीआर’ आणि अधिकच्या चिन्हापुढे ‘डीसी’. ग्रुपवर विचारलं. एकीने सांगितलं, ‘‘अगं, टीआर म्हणजे दोन वेढे, डोळे झाकून कर.’’ दुसरी म्हणाली, ‘‘एकच वेढा, माझी आई असंच करायची.’’ मग दोघींचं जे जुंपलं त्यात माझा प्रश्न बाजूलाच राहिला. फोटो टाकणाऱ्या ताईंनी तर अंगठा दाखवून विषय संपवला. पूर्ण पानाचा फोटो मागितला, त्यावरही अंगठा.

खरं म्हणजे दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या. अमेरिकन पद्धतीत मुक्या खांबाला, म्हणजे वेढा न घेता केलेल्या आखूड टाक्याला, एससी म्हणतात, एक वेढ्याच्या खांबाला डीसी आणि दोन वेढ्यांच्या खांबाला टीआर. ब्रिटिश पद्धतीत सगळं एक पायरी सरकतं. तिथे मुका खांब डीसी, एक वेढ्याचा टीआर आणि दोन वेढ्यांचा डीटीआर. अक्षरं तीच आणि टाके वेगळे, त्यामुळे नुसत्या ‘टीआर’वरून काहीच ठरत नाही. अर्ध्या खांबाला अमेरिकन पद्धतीत एचडीसी म्हणतात, ब्रिटिश पद्धतीत एचटीआर. म्हणून पानावर कुठेही एससी किंवा एचडीसी दिसलं तर ते अमेरिकन, एचटीआर दिसलं तर ब्रिटिश. माझ्या वाचलेल्या दोन ओळींत यातलं काहीच नव्हतं.

उत्तर मिळालं ते अधिकच्या चिन्हातून. अक्षरं देशागणिक बदलतात, पण अधिक किंवा फुली म्हणजे मुका खांब, हे सगळीकडे तेच. (जपानी पुस्तकांत बहुतेक फुली असते.) माझ्या पानावर अधिकच्या पुढे डीसी लिहिलं होतं. मुक्या खांबाला डीसी ब्रिटिश पद्धतीतच म्हणतात, म्हणजे पान ब्रिटिश, आणि टीआर म्हणजे एक वेढ्याचा खांब. हे सुचलं तेव्हा स्वयंपाकघरात ‘‘झालं!’’ असं ओरडले, आणि घरातल्यांना वाटलं दूध उतू गेलं.

तरी ताळा घेतला. प्रत्येक फेरी सुरू करताना आधी उंचीपुरत्या साखळ्या घेतात. मुक्या खांबाला एक, अर्ध्याला दोन, एक वेढ्याला तीन, दोन वेढ्यांना चार. दांडीवरच्या रेघा पुसट झाल्या तरी साखळीचे लंबगोल मोठे असल्याने मोजता येतात. माझ्या चार्टमध्ये खांबांची फेरी सुरू होताना तीन लंबगोल दिसत होते. हल्ली काहीजण खांबाला दोनच साखळ्या घेतात, त्यामुळे नवीन डिझाइन असेल तर एवढ्यावर विसंबू नये.

शंका उरलीच तर जाड लोकरीवर मधल्या चार-पाच फेऱ्या करून सपाट ठेवून बघा. टाक्यांची संख्या बरोबर असूनही कडा वर उचलून वाटी होत असेल तर टाका उंच घेतला जातोय. कडेला झालर पडत असेल तर आखूड घेतला जातोय. मी मुद्दाम दोन वेढ्यांनी करून पाहिलं, तर चौथ्या फेरीपासून वाटी होऊ लागली.

अननस किती खांबांचा आहे तेही फोटोत मोजता येत नव्हतं, कारण त्याच्या बुडाशी खांब दाटीने काढलेले असतात. इथे टोकाकडून उलटं मोजायचं. टोकाशी साखळ्यांची एक कमान, तिच्या खालच्या फेरीत दोन, मग तीन, चार, पाच. कमानी विरळ असल्याने पुसट फोटोतही दिसतात. पाच कमानी धरायला सहा मुके खांब लागतात. ते सहा टाके खालच्या फेरीतल्या खांबांमधल्या सहा फटींत बसतात, आणि सहा फटी पडायला खांब सात हवेत. म्हणजे बुडाशी सात खांब. एक खांब जास्त झाला तर टोकाला कमान एक न उरता दोन उरतात आणि अननस मिटत नाही.

अननसाच्या दोन्ही बाजूंना दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब असा शिंपला असतो. तो खालच्या साखळीच्या टाक्यात सुई घालून करायचा की साखळीच्या पोकळीतून, हे खांबांच्या पायांवरून कळतं. पाय टाक्याला चिकटलेले असतील तर टाक्यात, सुटे असतील तर पोकळीतून. पुसट फोटोत सगळेच चिकटलेले दिसतात. या नक्षीत शिंपला खालच्या शिंपल्याच्या दोन साखळ्यांच्या पोकळीतूनच काढतात. साखळीत सुई खुपसलीत तर दोरा फाटतो आणि शिंपला एका बाजूला ओढला जातो.

फोटो गडद करायला म्हणून कृष्णधवल करू नका, हे आधीच सांगायला हवं होतं. पुष्कळ चार्टांत एकाआड एक फेरी वेगळ्या रंगात छापलेली असते, तो आधारही जातो. कुठे छोटा त्रिकोण दिसला तर तो टाका नव्हे. जपानी चार्टमध्ये पोकळ त्रिकोण म्हणजे दोरा इथे जोडा, भरीव म्हणजे इथे तोडा.

आणि फोटो पाठवायचाच असेल तर व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जाऊन बारीक रेघा पुसल्या जात नाहीत. ताईंना हेही लिहिलं होतं. त्यावर काय आलं असेल ते सांगायला नको.